आठवड्यात करपलेला बटाटा आणि दहा गुंठ्यांची अट

27 जुलै 1846 रोजी फादर थिओबाल्ड मॅथ्यू हे आयर्लंडमधील धर्मगुरू कॉर्कहून डब्लिनला निघाले, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बटाट्याची शेते फुलोऱ्यात होती आणि पीक भरघोस येणार असे दिसत होते. 3 ऑगस्टला ते त्याच रस्त्याने परतले, तेव्हा तीच शेते काळी पडून सडत होती आणि बांधावर बसलेली माणसे हात चोळीत आक्रोश करीत होती. हे सारे त्यांनी पत्राने लंडनच्या अर्थखात्यातील वरिष्ठ अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांना कळवले. एका आठवड्यात एवढी उलथापालथ कशी होऊ शकते, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा आहे. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे का मेली आणि त्याहून अधिक देश सोडून का गेली, या प्रश्नाचे उत्तर मात्र रोगाच्या वर्णनात सापडत नाही. त्यासाठी कुळांचे आणि करांचे नियम उघडावे लागतात.

आधी रोग. बटाटा किंवा टोमॅटो लावणारा आपल्याकडचा शेतकरी ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतो, तोच हा रोग. त्याच्या कारक जिवाचे शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. दिसायला तो बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. पाण्यातल्या काही शेवाळांशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे, आणि पाण्याची ही ओढ त्याच्या साऱ्या वागण्यात दिसते. वाऱ्यावरून आलेली त्याची लिंबाच्या आकाराची सूक्ष्म बीजाणुपिशवी ओल्या पानावर पडते. हवा उबदार असेल तर ती सरळ रुजते. पण 10 ते 15 अंश सेल्सिअसचा गारवा असेल तर ती फुटून तिच्यातून अनेक चलबीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात, आणि पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात ते अक्षरशः पोहतात. काही तासांत ते पानात शिरतात. त्यानंतर चार-पाच दिवस बाहेरून काहीच दिसत नाही, आणि फसगत नेमकी इथेच होते, कारण हिरवेगार दिसणारे शेत तोवर आतून पोखरलेले असू शकते. मग पानांच्या कडेला पाणी मुरल्यासारखे गडद डाग उमटतात, सकाळच्या दवात पान उलटे करून पाहिले तर डागाभोवती पांढुरकी लव दिसते, आणि त्या लवेतून हजारो नव्या बीजाणुपिशव्या वाऱ्यावर स्वार होतात. पावसाळी, ढगाळ, गार हवा टिकली की हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. फादर मॅथ्यू यांच्या दोन प्रवासांत सातच दिवसांचे अंतर होते.

पाने मेली तरी जमिनीतला बटाटा वाचेल, अशी आशा ठेवायलाही फारशी जागा नव्हती. पाऊस बीजाणूंना मातीत धुऊन नेतो आणि कंदालाही लागण होते. असा बटाटा कापला तर सालीखाली तांबूस-तपकिरी, रवाळ चकंदळे दिसतात. त्यात जिवाणू शिरले की दुर्गंधी सुटते आणि लगदा होतो. काढताना चांगला दिसलेला बटाटाही साठवणीत सडे. ब्रिटिश सरकारने 1845 मध्ये नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने बटाटे वाळवून हवेशीर खड्ड्यांत ठेवण्याचा सल्ला दिला. तो निरुपयोगी ठरला, कारण ओलाव्याने बटाटा कुजतो असा त्यांचा समज होता. माइल्स बर्कली या पाद्री वनस्पतितज्ज्ञाने 1846 च्या आरंभीच, हा जीव रोगाचा परिणाम नसून कारण आहे, असे मांडले होते. पण ते प्रयोगाने सिद्ध व्हायला 1861 साल उजाडले आणि ते काम जर्मनीच्या आंतोन दे बारी यांनी केले. उपाय आणखी पुढे, 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये सापडला. मोरचूद आणि चुन्याचे ते बोर्डो मिश्रण नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना निराळे सांगायला नको. द्राक्षावरचा केवडाही याच गटातल्या जिवामुळे पडतो.

1845 मध्ये हा रोग बेल्जियम, हॉलंड, फ्रान्स, इंग्लंड असा सगळीकडे पसरला होता. तिथेही हाल झाले, तरी आयर्लंडसारखी गत कोणाची झाली नाही. त्याचे कारण आयर्लंडच्या बटाट्यात नव्हे, बटाट्याखालच्या जमिनीत होते. जमीन थोड्या जमीनदारांच्या हाती होती आणि त्यांतले बरेच इंग्लंडमध्ये राहत. त्यांच्याकडून मक्तेदार मोठा तुकडा घेई, त्याचे तुकडे पाडून पुढे देई, आणि सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या वाट्याला एखाददोन एकर येत. गहू, ओट, डुकरे, लोणी हे खंड भरण्यासाठी. खाण्यासाठी फक्त बटाटा, कारण तेवढ्याशा जमिनीत कुटुंबाचे पोट भरेल असे दुसरे पीक नव्हते. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे आणि ताक यावर जगे, आणि आहार म्हणून ते वाईट नव्हते. या गरिबांत ‘लम्पर’ नावाचा वाण सर्वाधिक चाले. तो चवीला बेताचा, पण निकस आणि ओल्या जमिनीतही भरपूर उतारा देणारा होता. बटाटा बेण्यापासून लावला जातो, म्हणजे प्रत्येक लम्पर हा दुसऱ्या लम्परची हुबेहूब प्रतिकृती होता. रोगाला एक झाड बळी पडले म्हणजे सारीच पडणार, हे ठरलेलेच होते.

1845 मध्ये सुमारे एक तृतीयांश पीक गेले, 1846 मध्ये तीन चतुर्थांशांहून अधिक. 1847 मध्ये करपा सौम्य होता, पण लोकांनी बेणेही खाऊन टाकले होते, त्यामुळे लागवडच 1845 च्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकी झाली. पंतप्रधान पील यांनी आरंभी अमेरिकेतून मका मागवला. त्यांच्यामागून आलेल्या रसेल सरकारने धान्याचा बाजार व्यापाऱ्यांवर सोडला आणि मदत दुष्काळी कामांपुरती ठेवली. 1847 च्या मार्चमध्ये सात लाखांवर माणसे खडी फोडत आणि रस्ते बांधत होती, तरी त्यांची मजुरी धान्याच्या भावाला पुरत नव्हती. त्या हिवाळ्यात बंदरांतून ओट आणि लोणी बाहेर जात होते, कारण खंड थांबलेला नव्हता. नंतर अन्नछत्रे उघडली आणि जुलै 1847 मध्ये रोज सुमारे तीस लाख लोक तिथे जेवले. म्हणजे करायचे ठरवले तर करता येत होते. ती छत्रे काही महिन्यांतच बंद झाली, हे मला या साऱ्या कहाणीतले सर्वांत न पटणारे पान वाटते.

त्यांच्या जागी आला जून 1847 चा कायदा. यापुढे आयर्लंडच्या गरिबांचा खर्च आयर्लंडच्या जमिनीने, म्हणजे स्थानिक गरीब-कराने सोसावा, असे त्याने ठरवले. त्यातले डब्लिनचे खासदार विल्यम ग्रेगरी यांनी घातलेले कलम असे होते की, ज्याच्याकडे पाव एकराहून अधिक जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठे. उपाशी कुळाने जमीन सोडली तर मुलांना घास मिळणार, पण जमीन सोडल्यावर पुढल्या वर्षी बटाटा लावायचा कुठे? अनेकदा जमीनदार जमिनीबरोबर झोपडीही मागे आणि ती तिथल्या तिथे पाडली जाई.

जमीनदाराला एवढी घाई का, हे दुसऱ्या एका नियमावरून कळते. 1843 पासून असा कायदा होता की चार पौंडांपर्यंत मूल्यांकनाच्या जमीनधारणेवरचा गरीब-कर कुळाने नव्हे, जमीनदाराने भरायचा. शांत काळात ही कुळाला दिलेली सवलत वाटे. दुष्काळात कर चढत गेले तसे प्रत्येक छोटे कूळ हे जमीनदाराच्या वहीत दुहेरी तोटा बनले: त्याच्याकडून खंड येत नाही आणि त्याच्यासाठी कर मात्र भरावा लागतो. त्याचे घर पाडले की दोन्ही खाती बंद. 1849 ते 1854 या काळात सुमारे अडीच लाख लोकांना रीतसर हुसकावल्याची पोलिसांची नोंद आहे. जे ‘स्वखुशीने’ गेले ते या आकड्यात नाहीत.

रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउन इस्टेटीवर हा हिशेब कागदावर मांडलेला सापडतो. मालक मेजर डेनिस मेहन यांना 1845 मध्ये ही कर्जबाजारी इस्टेट वारशाने मिळाली. त्यांचा कारभारी जॉन रॉस मेहन याने आकडेमोड केली, ती अशी: जादा कुळांना वर्षभर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे अन्नाच्या बदल्यात राबवून घेणाऱ्या गरीबखान्यात, पोसण्यापेक्षा त्यांना एकदाच कॅनडाला पाठवून देणे जवळपास निम्म्या खर्चात होते. 1847 मध्ये हजारावर माणसे, बायकामुले धरून, कालव्याच्या काठाने चालत डब्लिनला गेली, तिथून लिव्हरपूलला आणि तिथून क्वेबेकच्या जहाजांवर. त्यांपैकी ‘व्हर्जिनियस’ या जहाजावर 476 प्रवासी चढले. 158 जण समुद्रातच मेले आणि उरलेल्यांतले शंभरावर तापाने फणफणत उतरले. हा ताप टायफसचा होता. तो उवांमुळे पसरतो, आणि उपाशी, न धुतलेली, एकमेकांना चिकटून निजणारी माणसे त्याला जहाजाच्या पोटात हवी तेवढी मिळत. क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल या विलगीकरण बेटावर त्या वर्षी पाच हजारांहून अधिक जणांना पुरले. खुद्द मेजर मेहन यांचा 2 नोव्हेंबर 1847 रोजी त्यांच्या गाडीत गोळी घालून खून झाला.

इस्टेटीच्या खर्चाने गेलेले स्थलांतरित थोडे होते. बहुतेकांनी गाय किंवा अंथरूणपांघरूण विकून तिकीट काढले, आणि आधी गेलेल्याने न्यू यॉर्क-बोस्टनमधून पाठवलेल्या पैशांवर मागचे भावंड निघाले. साखळी एकदा जुळल्यावर करपा ओसरला तरी जाणे थांबले नाही. 1841 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 81 लाखांवर होती, 1851 मध्ये ती साडेपासष्ट लाख उरली आणि 1911 पर्यंत 44 लाखांवर आली. पण मला त्याहून बोलका वाटतो तो जमिनीचा आकडा. 1841 मध्ये एकराहून मोठ्या धारणांपैकी 45 टक्के धारणा एक ते पाच एकरांच्या होत्या. दहाच वर्षांनी त्या 15 टक्के उरल्या. जिथे सरी-वरंब्यावर लम्पर लावत, तिथल्या कितीतरी बांधांची कुरणे झाली आणि त्यांत गुरे चरू लागली.