एक किलो कोळशाच्या पूर्ण ज्वलनासाठी लागणारी हवा

एक किलो दगडी कोळसा पूर्ण जाळण्यासाठी कमीत कमी किती किलो हवा लागेल, हे कोळशाच्या घटकांवरून काढता येते. ‘पूर्ण’ म्हणजे सगळ्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड, सगळ्या हायड्रोजनचे पाणी आणि सगळ्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड व्हावा आणि शेवटी मोकळा ऑक्सिजन उरू नये. या किमान हवेला सैद्धांतिक हवा म्हणतात. बॉयलरला हवा पुरवणाऱ्या पंख्यांची क्षमता ठरवताना पहिला आकडा हाच लागतो.

उदाहरणासाठी भारतीय औष्णिक केंद्रांत जळतो तसा भरपूर राखेचा कोळसा घेऊ. भट्टीत पडताना असतो त्या स्थितीत त्याची वजनी टक्केवारी अशी आहे : कार्बन ४२, हायड्रोजन २.८, ऑक्सिजन ८, नायट्रोजन १, गंधक ०.५, राख ३४, ओलावा ११.७. बेरीज १०० येते, आणि ती येते का हे आधीच पाहावे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे आकडे ओलाव्यातील पाणी वगळून दिलेले आहेत.

जळण्यासारखे घटक तीनच आहेत.

C + O₂ → CO₂
2H₂ + O₂ → 2H₂O
S + O₂ → SO₂

अणुभार घातले की दिसते, १२ किलो कार्बनला ३२ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे एका किलोला २.६६७ किलो. ४ किलो हायड्रोजनला ३२ किलो, म्हणजे एका किलोला ८ किलो. गंधकाला त्याच्या वजनाइतकाच. राख आणि ओलावा ऑक्सिजन मागत नाहीत. कोळशातील नायट्रोजनही या गणितात निष्क्रिय धरतात. त्याचा थोडा भाग ऑक्साइडांत जातो, पण हवेच्या हिशेबात तो नगण्य असतो.

कार्बन : ०.४२ × २.६६७ = १.१२० किलो
हायड्रोजन : ०.०२८ × ८ = ०.२२४ किलो
गंधक : ०.००५ × १ = ०.००५ किलो
एकूण : १.३४९ किलो

यातला ०.०८ किलो ऑक्सिजन कोळशातच आहे. तो ज्वलनात उपयोगी पडतो, म्हणून हवेतून १.३४९ − ०.०८ = १.२६९ किलोच आणायचा. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो.

सैद्धांतिक हवा = १.२६९ ÷ ०.२३ = ५.५२ किलो

अधिक काटेकोर २३.२ टक्के घेतले तर ५.४७ येते. फरक एक टक्क्याहून कमी आहे आणि कोळशाचा नमुना घेण्यातली अनिश्चितताच बहुधा याहून मोठी असते, त्यामुळे २३ पुरेसे आहे.

उत्तर बरोबर आहे का, हे दोन स्वतंत्र मार्गांनी तपासता येते. दोन्ही तपासण्या कराव्यात, कारण प्रत्येकीला वेगळ्या चुका सापडतात.

पहिली तपासणी वस्तुमानाची. आत गेले १ + ५.५१७ = ६.५१७ किलो. बाहेर आले ते असे : कार्बन डायऑक्साइड १.५४०, पाणी ०.३६९ (हायड्रोजनपासून ०.२५२ आणि मूळ ओलावा ०.११७), सल्फर डायऑक्साइड ०.०१०, नायट्रोजन ४.२५८ (हवेतला ४.२४८ आणि कोळशातला ०.०१०), राख ०.३४०. बेरीज ६.५१७. जमते. कोळशातला ऑक्सिजन वजा करायचा राहिला असता तर हवा ५.८७ किलो आली असती आणि या ताळेबंदात नेमका ०.०८ किलोचा फरक पडला असता. फरकाच्या आकड्यावरूनच चूक कोठे झाली ते कळते.

पण सर्वांत जास्त होणारी चूक या ताळेबंदातून निसटते. हवेतील ऑक्सिजन २१ टक्के, हा पाठ असलेला आकडा आकारमानाचा आहे. वजनाच्या गणितात ०.२१ ने भागले की ६.०४ किलो येते. बाकीचे ७९ टक्के नायट्रोजन धरले तर ताळेबंद व्यवस्थित जुळतो, आणि उत्तर तरीही साडेनऊ टक्क्यांनी फुगलेले असते.

इथे दुसरी, उष्णतेची तपासणी उपयोगी पडते. ड्यूलाँगच्या सूत्राने या कोळशाचे उष्णतामूल्य असे :

८०८० × ०.४२ + ३४५०० × (०.०२८ − ०.०८/८) + २२४० × ०.००५ = सुमारे ४०२६ किलोकॅलरी प्रति किलो

म्हणजे दर १००० किलोकॅलरीमागे हवा ५.५१७ ÷ ४.०२६ = १.३७ किलो. याच सूत्राने शुद्ध कार्बनला १.४३ किलो आणि शुद्ध हायड्रोजनला १.०१ किलो हवा पडते. त्यामुळे नेहमीच्या कोळशाचे उत्तर या दोहोंच्या मध्ये, कार्बनच्या बाजूला झुकलेले यायला हवे. ०.२१ ने भागून आलेल्या ६.०४ किलोंचे गुणोत्तर १.५० होते. ते शुद्ध कार्बनच्याही वर जाते, म्हणून ते चूकच.

याहून महाग पडणारा घोटाळा विश्लेषण कोणत्या स्थितीतल्या कोळशाचे आहे, हे न पाहिल्याने होतो. प्रयोगशाळेचा अहवाल पुष्कळदा राख आणि ओलावा वगळून दिलेला असतो. आपल्याच कोळशाचा कार्बन तशा अहवालात ४२ ÷ ०.५४३ = ७७.३ टक्के दिसेल, आणि ते आकडे सरळ सूत्रात घातले तर हवा १०.१६ किलो येईल, जवळजवळ दुप्पट. ताळेबंद जुळेल. ड्यूलाँगचे सूत्रही त्याच आकड्यांवर चालत असल्याने गुणोत्तर १.३७ च येईल. ही चूक फक्त बॉम्ब कॅलरीमापीत प्रत्यक्ष मोजलेल्या उष्णतामूल्याशी ताडूनच उघडी पडते. म्हणून उष्णतेची तपासणी करताना, शक्य असेल तेव्हा, सूत्राऐवजी भट्टीत जाणाऱ्या कोळशाचे मोजलेले मूल्य घ्यावे.

काही अहवालांत ओलाव्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन मुख्य आकड्यांतच मिसळलेले असतात. मग हायड्रोजन ४.१ आणि ऑक्सिजन १८.४ टक्के दिसतो. दोन्ही तसेच घेतले तर उत्तर बदलत नाही, कारण पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन १ : ८ या प्रमाणात असल्याने वजाबाकीत एकमेकांना खाऊन टाकतात. एक आकडा एका अहवालातून आणि दुसरा दुसऱ्यातून उचलला की मात्र गणित बिघडते. त्यातच ओलावा वेगळा धरला तर टक्क्यांची बेरीज १११.७ होते, तेवढ्यावरून शंका यायला हवी.

प्रत्यक्ष भट्टीत ५.५२ किलो हवेवर कोळसा पूर्ण जळत नाही. ज्वालेच्या थोड्याशा वेळात हवा प्रत्येक कणापर्यंत सारखी पोहोचत नाही, आणि जिथे ती कमी पडते तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून भुकटी कोळशाच्या बॉयलरला साधारण २० टक्के जादा हवा देतात : १.२ × ५.५१७ = ६.६२ किलो. ही जादा हवा मोजता येते. या उदाहरणात पाणी वगळून धूरवायूंचे आकारमान काढले तर कार्बन डायऑक्साइड १५.५ टक्के आणि ऑक्सिजन ३.५ टक्के येतो. वायुमापकावर ऑक्सिजनचा वाचनांक घेऊन २१ ÷ (२१ − ३.५) केले की १.२ मिळते. इथे २१ च घ्यायचे, कारण वायुमापक आकारमानाची टक्केवारी दाखवतो.

मापकाची जागाही पाहावी. धूरवायूंच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या एअर प्रीहीटरमधून धूरवायू बाहेर पडल्यावर वाचन घेतले तर तिथे गळतीने शिरलेली हवाही मोजली जाते. ऑक्सिजन भरपूर दिसतो, चालक हवा कमी करतो आणि भट्टीत मोनॉक्साइड वाढतो. ऑक्सिजन आणि मोनॉक्साइड दोन्ही चढे दिसले, तर आधी गळती शोधावी. हवा आणि कोळशाचे वाटप बर्नरांमध्ये असमान असले तरी हेच लक्षण दिसते.

वरचे सर्व आकडे कोरड्या हवेचे आहेत. किनाऱ्यावर पावसाळ्यात ३० अंश सेल्सियसला आणि ७५ टक्के आर्द्रतेला प्रत्येक किलो कोरड्या हवेबरोबर सुमारे ०.०२ किलो वाफ येते. ६.६२ किलोंच्या जागी पंख्याला ६.७५ किलो ढकलावे लागतात. तासाला १०० टन कोळसा जाळणाऱ्या बॉयलरला हा फरक १३ टनांचा पडतो.