दप्तर काढलं की मान सरळ होते का?

शाळेत तपासणी शिबिर झालं की शेवटी एक छापील कागद वाटला जातो. त्यावर दहा-बारा व्यायामांची चित्रं असतात आणि सगळ्या वर्गाला तेच व्यायाम. चार दिवस उत्साहानं चालतं, मग कागद कोणत्या तरी वहीत जाऊन बसतो. एक फिजिओथेरपिस्ट म्हणून माझी तक्रार व्यायामांबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. मूल वाकून उभं आहे, एवढं पाहून व्यायाम ठरवता येत नाही. ते ओझ्यामुळे वाकतं, सवयीनं वाकतं, ताकद कमी म्हणून वाकतं, की कणाच मुळात वेगळा आहे, हे आधी वेगळं करावं लागतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, टिकल्यांचं पाकीट, मोबाइलचा कॅमेरा आणि लटकवायचा काटा पुरतो. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत कापूस वेचणीच्या हंगामात असा काटा घरोघरी सापडतो.

सातवीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. वजन ३० किलो. तांड्यावरून शाळेपर्यंत पायी येते. दप्तर काट्याला लावलं तर ५.१ किलो, म्हणजे तिच्या वजनाच्या १७ टक्के. महाराष्ट्र शासनाच्या २०१५च्या निर्णयात आणि २०२०च्या राष्ट्रीय शालेय दप्तर धोरणात मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हेच दप्तर ४५ किलोच्या वर्गमित्राच्या पाठीवर असतं तर जेमतेम ११ टक्के भरलं असतं. आपल्याकडे एकाच वर्गात वजनांचा फरक एवढा असतो की ‘सातवीचं दप्तर किती किलोचं असावं’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. आधी मूल काट्यावर, मग दप्तर.

आता मुलीची तपासणी. छताच्या वाशाला ओळंबा बांधायचा आणि तिला त्याच्या बाजूला, आडवं उभं करायचं. दोरी घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे येईल अशी जागा धरायची. बाजूनं पाहिलं तर कानाची पाळी, खांद्याचं टोक आणि खुब्याचं बाहेरचं हाड साधारण त्या दोरीवर यावं. मग दोन टिकल्या लावायच्या. एक कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्यावर. दुसरी मानेच्या मुळाशी, मान खाली घातल्यावर मागे जे हाड सर्वांत ठळक दिसतं त्यावर. कॅमेरा खांद्याच्या उंचीवर, हातात न धरता टेबलावर किंवा स्टुलावर टेकवून, पातळीत ठेवायचा. फोटोत मानेवरच्या टिकलीतून एक आडवी रेघ ओढायची आणि तिथूनच कानाच्या टिकलीपर्यंत दुसरी. या दोन रेघांमधला कोन जितका लहान, तितकं डोकं पुढे. साधारण ५० अंशांच्या खाली कोन गेला की डोकं पुढे आलंय असं धरतात.

यात फसगत होते ती एका साध्या कारणानं: तपासणारे समोर आले की मुलं सावधान होतात. छाती पुढे, मान ताठ, श्वास रोखलेला. असा फोटो घेतला तर सगळा वर्ग निरोगी निघतो. म्हणून आधी जागच्या जागी दहा-बारा पावलं टाकायला सांगायचं, मान दोन-तीनदा खाली-वर करायला लावायची आणि मग जिथं मान आपोआप थांबेल तिथं फोटो घ्यायचा. एकाच फोटोवरही विसंबू नये. तीन घ्यावे आणि सरासरी धरावी. दोन-तीन अंशांचा फरक टिकली थोडी सरकली तरी येतो, त्यामुळे तेवढ्यावरून सुधारणा किंवा बिघाड ठरवू नये.

खरी माहिती मिळते ती दोन फोटोंच्या तुलनेतून. आपल्या मुलीचा दप्तराविना कोन ४८ अंश आला. नेहमीसारखं दप्तर अडकवून, शाळेभोवती दहा मिनिटं चालवून आणल्यावर ४१. सात अंश मान पुढे गेली ती ओझ्यापायी. पाठीवर वजन आलं की शरीराचा भार मागे खेचला जातो. पडू नये म्हणून मूल कमरेतून पुढे झुकतं. झुकल्यावर नजर जमिनीवर जाते, रस्ता दिसावा म्हणून हनुवटी वर काढून डोकं पुढे ताणावं लागतं. तिचे पट्टे एवढे ढिले होते की दप्तर कमरेखाली लोंबत होतं, त्यामुळे ओझं पाठीपासून दूर जाऊन मागची ओढ आणखी वाढली होती. एकाच खांद्यावर अडकवणाऱ्या मुलांत चित्र वेगळं दिसतं: तो खांदा वर, धड उलट बाजूला कललेलं.

म्हणून पहिला उपाय व्यायाम नाहीच. दप्तर उघडलं. त्या दिवशी ज्यांचे तास नाहीत अशी पुस्तकं आणि दोन गाइडं मिळून १.२ किलो निघाली. “कोणता तास कधी होईन सांगता येत नाही जी, म्हणून सारंच घेऊन येतो,” हे तिचं कारण. खोटं म्हणता येणार नाही. शिक्षक कमी असले की वेळापत्रक फळ्यावरच राहतं. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे सरळ एक किलो. विदर्भातल्या उन्हात पाणी कमी करा असं मी कधीच सांगणार नाही. पण शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय असेल तर वाटेपुरती अर्धी बाटली भरून बाकी तिथं भरता येते. उरलं ३.४ किलो. जड पुस्तकं पाठीला चिकटून ठेवली, पट्टे आवळून दप्तराचा तळ कमरेच्या वर आणला. पुन्हा दहा मिनिटं चालल्यावर कोन ४५. सातातले चार अंश परत आले आणि अजून एकही व्यायाम झालेला नाही.

राहिला दप्तराविनाचा ४८चा आकडा. तो ओझ्याचा नाही, तिच्या शरीराचा आहे. व्यायाम निवडायचा तो यावरून, पण त्याआधी कणा बघून घ्यायचा. पाय जुळवून, तळहात जोडून, गुडघे न वाकवता तिला हळूहळू पुढे वाकायला सांगायचं आणि मागून, पाठीच्या पातळीत डोळे आणून बघायचं. एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा वर उचललेल्या दिसल्या तर तिला स्टुलावर बसवून पुन्हा वाकवायचं. बसल्यावर उंचवटा गेला तर पायांच्या लांबीतला फरक असू शकतो. राहिला तर कणा बाजूला वळलेला असण्याची शक्यता धरून डॉक्टरांकडे पाठवायचं. दहा ते चौदा वयात, उंची भराभर वाढते तेव्हा हे वळण वाढतं. दप्तरामुळे असं वळण येतं ही समजूत मात्र चुकीची आहे. आमच्या मुलीची पाठ दोन्हीकडून सारखी होती.

मग दोन प्रश्न. पहिला, सांगितल्यावर तिला सरळ होता येतं का? आलं. न येणाऱ्या मुलांत स्नायू आखडलेले असतात. त्यासाठी उताणं निजवून खांद्याची मागची कड आणि जमीन यांत किती बोटं जातात ते बघतात. दोनापेक्षा जास्त गेली तर छातीचे स्नायू आखूड. तिच्याकडे जेमतेम दीड बोट. दुसरा प्रश्न, सरळ राहता येतं का? दोन्ही हात समोर खांद्याच्या उंचीवर धरून ३० सेकंद उभं राहायचं. बाराव्या सेकंदालाच तिची छाती आत गेली, पोट पुढे आलं, धड मागे कललं. म्हणजे आखडलेलं काही नाही, दम कमी आहे.

इथं छापील कागद आणि तपासणी यांतला फरक कळतो. त्या कागदावर पहिला व्यायाम बहुधा दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणण्याचा असतो. तो आखडलेल्या मुलाला हवा. हिला त्याचा फारसा उपयोग नाही. तिला दोनच दिले.

पहिला, भिंतीला पाठ लावून हनुवटी सरळ मागे नेणं. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसेपर्यंत. पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मुलं यात हटकून छताकडे बघतात किंवा हनुवटी छातीला लावतात. बरोबर होतंय का हे टिकली सांगते: कानावरची टिकली आडव्या रेघेत मागे सरकली पाहिजे, वर-खाली नाही.

दुसरा, दरीवर पालथं निजून. कपाळाखाली घडी केलेला टॉवेल, हात शरीरालगत, अंगठे बाहेरच्या बाजूला. खांद्याची पाती मागे, एकमेकींकडे आणि थोडी कमरेकडे ओढून हात जमिनीवरून चार बोटं उचलायचे. पाच सेकंद, आठ वेळा. खांदे कानांकडे चढायला लागले की पाती दमली, तिथं थांबायचं. नेट लावून पुढची चार वेळा केली तर भलतेच स्नायू काम करतात.

आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे. त्याआधी कोन मोजण्यात अर्थ नाही. हात धरण्याची ३० सेकंदांची चाचणी मात्र चौथ्या आठवड्यात घ्यावी, कारण दम कोनाच्या आधी सुधारतो. तिचं तसंच झालं. चौथ्या आठवड्यात २५ सेकंद, आठव्यात पूर्ण ३० आणि दप्तराविना कोन ५२.

हे आकडे बघून पुढे पाठदुखी होणार नाही असा निष्कर्ष काढू नये. जगभरातल्या अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. दप्तराच्या वजनामुळे मुलांची पाठ दुखते याचा पटण्याजोगा पुरावा त्यात सापडला नाही. ओझ्यानं ठेवण बदलते हे फोटोत दिसतं. बदललेली ठेवण दुखण्यात उतरतेच असं नाही. म्हणून ज्या मुलाचं काहीच दुखत नाही आणि कोन ४९ आहे त्याच्या आईबापाला घाबरवायचं कारण नाही.

उलट दुखणारी पाठ ‘दप्तरामुळे’ म्हणून सोडून देणं जास्त धोक्याचं. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, ताप, वजन घटणं, मणक्यावर एकाच जागी टोकदार उंचवटा असेल तर मणक्याचा क्षयरोग वगळावाच लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेल बरंच आढळतं. अशा मुलाची पाठ किंवा खुबा दुखत असेल, चाल लंगडी असेल, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर. शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अशा मुलांची यादी द्यावी. पण ताप किंवा रात्रीचं दुखणं असेल तर पथकाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

व्यायाम नीट करूनही आठ आठवड्यांत कोन हलत नसेल तर मुलाला वर्गात, त्याच्या जागेवर बसवून बघावं. फळ्यावरचं वाचताना ते डोकं पुढे काढून डोळे बारीक करत असेल, तर आधी नजर तपासायची.