काचेवरचे क्षाराचे डाग: काच क्लीनर मारायचा की व्हिनेगर?

शॉवरच्या काचेच्या दारावर पांढरे, गोल गोल ठिपके पडतात. त्यावर काच क्लीनरचा स्प्रे मारून पुसलं की काच लख्ख दिसते, आणि काच वाळली की तेच ठिपके त्याच जागी पुन्हा उमटतात. मग क्लीनर भेसळीचा आहे, कापड बरोबर नाही, जोर कमी पडला, असं काहीबाही वाटू लागतं. क्लीनरमध्ये खोट नसते. ते द्रावण या डागासाठी बनवलेलंच नसतं.

काच ओली असताना डाग का दिसत नाही, हे आधी समजून घ्यावं. क्षाराचा थर खडबडीत असतो, त्यामुळे त्यावर पडलेला प्रकाश विखुरतो आणि थर पांढरा दिसतो. द्रव त्या खाचाखोचांत भरला की पृष्ठभाग प्रकाशापुरता सपाट होतो आणि पांढुरकेपणा नाहीसा होतो. साधं पाणी शिंपडलं तरी हेच घडतं. म्हणून काच साफ झाली की नाही, हे ती पूर्ण वाळल्यावरच ठरवावं.

आता डागाकडे वळू. कठीण पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेल्या रूपात असतात. थेंब काचेवर सुकतो तेव्हा पाणी उडून जातं आणि मागे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट उरतं, म्हणजे चुनखडीत असतो तोच पदार्थ. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आम्लात मात्र विरघळतो.

काच क्लीनरमध्ये बहुतांश पाणीच असतं. त्यात अल्कोहोल किंवा त्यासारखं लवकर उडणारं द्रावक, थोडासा साबणासारखा घटक आणि काहींमध्ये अमोनिया असतो. हे मिश्रण बोटांचे ठसे, तेलाचा पातळ थर आणि धूळ उचलतं, आणि रेघा न सोडता पटकन वाळतं. त्या कामात ते व्हिनेगरपेक्षा सरस आहे. पण नेहमीचे बरेचसे काच क्लीनर अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूचे असतात. कॅल्शियम कार्बोनेटवर त्यांचा काही परिणाम होत नाही. सर्वसाधारण सरफेस क्लीनरचंही तेच आहे.

साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के अॅसिटिक आम्ल असतं. ते कार्बोनेटला भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कॅल्शियम अॅसिटेट तयार होतं, जे पाण्यात सहज विरघळतं. थर जाड असेल तर बारीक बुडबुडे डोळ्यांना दिसतात. हिशोब केला तर 100 मिली व्हिनेगरमधलं आम्ल सुमारे 4 ग्रॅम कार्बोनेट संपवू शकतं, आणि दारावरच्या ठिपक्यांत सहसा याहून कमी क्षार असतो. म्हणजे आम्ल कमी पडत नाही. कमी पडतो तो त्याला मिळणारा वेळ. उभ्या काचेवर स्प्रे मारला की व्हिनेगर काही सेकंदांत खाली ओघळतं आणि उरलेलं सुकून जातं. ‘व्हिनेगर लावून पाहिलं, काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं इथेच बिनसतं, असं मला वाटतं.

त्याच दारावर हे काम क्रमाने कसं करावं ते पाहू. शॉवरच्या काचेवर नुसता क्षार नसतो. अंगाच्या साबणातली मेदाम्लं कॅल्शियमशी जुळून एक चिकट, मेणचट थर बनवतात. तो क्षारावर बसला असेल तर आम्ल खाली पोहोचतच नाही. म्हणून सुरुवात सरफेस क्लीनरने किंवा भांड्यांच्या लिक्विड साबणाने करावी, स्पंजने घासून पाण्याने धुवून टाकावं. इथे बाजारातला क्लीनर खरंच उपयोगी पडतो, आणि ही पायरी गाळली की पुढची मेहनत निम्मी वाया जाते.

मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्यावं. थर जुना आणि जाड असेल तर पाणी न घालता नुसतं व्हिनेगर वापरावं. कागदी टॉवेल किंवा जुनं सुती कापड त्यात चिंब भिजवून काचेवर चिकटवावं आणि 15 ते 20 मिनिटं तसंच राहू द्यावं. कडा वाळू लागल्या की वरून पुन्हा शिंपडावं. नंतर कापड काढून मऊ स्पंजने गोलाकार चोळावं. बोट फिरवल्यावर खरखर लागली तर अजून एक फेरी करावी.

यानंतर काच भरपूर पाण्याने धुवायलाच हवी. क्षार आता कॅल्शियम अॅसिटेटच्या रूपात त्या द्रवात आहे. तो द्रव काचेवर सुकू दिला तर नवा पांढरट पापुद्रा उरतो आणि डाग गेलाच नाही असं वाटतं. धुतल्यावर लगेच रबरी वायपर फिरवावा, कारण धुवायचं पाणीही तेच कठीण पाणी असतं. काच वाळल्यावर अंधूक रेघा उरल्या तर शेवटी काच क्लीनर मारावा. त्याची खरी जागा ही.

दोन्हींची ताकद एकत्र करू म्हणून एकाच बाटलीत ओतू नये. अमोनियाचा क्लीनर आणि व्हिनेगर एकमेकांना निष्प्रभ करतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचंही तसंच: फेस जोरदार येतो, पण त्यात आम्ल सोड्यावरच खर्च होतं. ब्लीच मात्र व्हिनेगरजवळही नेऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाच्या क्लीनरमध्येही ब्लीच मिसळू नये, त्यातूनही घातक वायू निघतात.

दुकानात क्षाराच्या डागांसाठी वेगळे क्लीनरही मिळतात. त्यांच्या लेबलवर सायट्रिक, लॅक्टिक, सल्फॅमिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाचं नाव असतं. ते व्हिनेगरच्याच जातीचे, काही खूप जास्त तीव्र. बाटली काच क्लीनरशेजारी ठेवलेली असली तरी काम अगदी वेगळं, म्हणून घेताना पुढचं चित्र पाहण्यापेक्षा मागचे घटक वाचावेत. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

आम्ल कुठे नको, हेही पाहावं लागतं. संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे. त्यावर व्हिनेगर सांडलं तर दगडच विरघळतो आणि चकाकी जाऊन निस्तेज चट्टा पडतो. काचेखाली असा दगड असेल तर आधी तो प्लास्टिकने झाकावा. फरशांच्या सांध्यातल्या सिमेंटलाही आम्ल मानवत नाही. आरशाच्या कडेने व्हिनेगर किंवा अमोनिया आत झिरपला तर मागचा चंदेरी थर काळा पडतो, म्हणून तिथे द्रव कापडावर घ्यावा, आरशावर शिंपडू नये.

दोन-तीन फेऱ्यांनंतरही काच वाळल्यावर धूसरच राहिली तर नख फिरवून पाहावं. उंचवटा लागला तर बहुधा तो सिलिकाचा थर आहे, त्यावर व्हिनेगर चालत नाही. काहीच न लागता काच गुळगुळीत वाटली आणि तरी धूसर दिसली, तर काचेचा पृष्ठभागच झिजलेला असण्याची शक्यता जास्त. पाणी वर्षानुवर्षं काचेवर साचून सुकत राहिलं की काचेतला सोडियम बाहेर पडतो आणि पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खरवडला जातो. अशा काचेवर काढण्याजोगं काही उरलेलं नसतं. सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून फेल्टच्या चकतीने पॉलिश केलं तर हलका धूसरपणा जातो, पण एकाच जागी जास्त वेळ घासलं तर काच उंचसखल होते आणि पलीकडचं वाकडं दिसू लागतं.