बीटा-अ‍ॅलॅनिन घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी: मुंग्या, डोस आणि उपयोग नक्की कोणाला

आमच्या दुकानात बीटा-अ‍ॅलॅनिनबद्दल दोन तक्रारी सतत येतात. एक म्हणजे, "घेतलं आणि चेहऱ्याला, मानेला मुंग्या आल्या, अ‍ॅलर्जी झाली का?" दुसरी नेमकी उलटी: "मुंग्या आल्याच नाहीत, माल बनावट आहे." दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, की मुंग्या आल्या म्हणजे पावडर काम करते.

बीटा-अ‍ॅलॅनिन एकदम जास्त घेतलं की रक्तात त्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं आणि त्वचेतल्या संवेदना नेणाऱ्या नसा चाळवल्या जातात. साधारण पंधरा-वीस मिनिटांत कान, कपाळ, मान, हातांची मागची बाजू इथे चुणचुण सुरू होते आणि तास-दीड तासात आपोआप थांबते. यात अपाय झाल्याचं आढळलेलं नाही. मात्र अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर त्या मुंग्या नव्हेत. तेव्हा डबा बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

काम होतं ते स्नायूंत, आणि सावकाश. तिथे बीटा-अ‍ॅलॅनिनपासून कार्नोसिन तयार होतं. जोरात पळताना स्नायूत आम्लता वाढते आणि पाय जड पडतात. कार्नोसिन ती आम्लता काही काळ थोपवून धरतं. हा साठा एका दिवसात वाढत नाही. रोज नियमाने घेतलं तर चार आठवड्यांत तो साधारण 40 ते 60 टक्क्यांनी वाढतो, आणि पुढेही वाढत राहतो. म्हणून शर्यतीच्या सकाळी मोठा चमचाभर पावडर घेतल्याने चुणचुण तेवढी मिळते, शर्यतीला फायदा काही नाही. फक्त व्यायामाच्या दिवशी प्री-वर्कआउटमधून घेणाऱ्यांचंही तेच होतं: आठवड्यातून तीनदा घेतलेल्या स्कूपमधून एकूण मात्रा पुरेशी होत नाही. सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत वाया जातात.

मग डोस कसा घ्यायचा? रोज 3.2 ते 6.4 ग्रॅम, निदान चार आठवडे, जमल्यास आठ. एका वेळी 0.8 ग्रॅम घेतलं तर बहुतेकांना चुणचुण जवळपास जाणवत नाही, 1.6 ग्रॅमपर्यंतही ती सहसा सोसण्याजोगी असते. समजा, 800 मीटर धावणाऱ्या एखाद्या मुलीची स्पर्धा 20 जानेवारीला आहे. तिने 25 नोव्हेंबरपासून नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं आणि रात्रीचं जेवण अशा चार वेळी 0.8 ग्रॅम घ्यावं. आठ आठवड्यांचे मिळून 180 ग्रॅमच्या आत लागतात, म्हणजे आमची 200 ग्रॅमची एक पिशवी पुरून उरते. व्यायामाच्या आधी की नंतर, याने फरक पडत नाही. जेवणासोबत घेणं उत्तम. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, साठा आठवड्यांच्या हिशेबाने उतरतो.

चहाच्या चमच्याने मोजू नका. पावडर सैल की दाबलेली यावर वजन बदलतं, आणि "आज अचानक खूप मुंग्या आल्या" असे फोन बहुधा त्यातूनच येतात. पिशवीसोबत आम्ही छोटा मापाचा चमचा देतो, आणि पहिल्या खरेदीच्या वेळी दुकानातल्या काट्यावर त्याचं माप तुमच्यासमोर तपासून दाखवतो. दिवसातून चारदा घेणं जमत नसेल, तर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आहेत. महाग पडतात, पण चुणचुण कमी होते.

खरा उपयोग साधारण अर्ध्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंतच्या जोरकस श्रमाला होतो, आणि पुरावा सर्वांत भक्कम आहे तो एक ते चार मिनिटांच्या खेळांसाठी: 400, 800 आणि 1500 मीटर धावणं, 200 आणि 400 मीटर पोहणं. 2000 मीटर रोइंगला त्याहून जास्त वेळ लागतो, पण तेही दहा मिनिटांच्या आत बसतं. फायदाही थोडाच, दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूंत कार्नोसिन मुळात कमी असतं, त्यामुळे शाकाहारी खेळाडूंनी याचा विचार जरूर करावा.

हाफ किंवा फुल मॅरेथॉनच्या वेगात पाय थकतात ते प्रामुख्याने इंधन संपल्यामुळे, आम्लतेमुळे नाही. अशा ग्राहकांना आम्ही स्वतःच सांगतो, की हे पैसे जेल आणि मीठ-पाण्यावर खर्च करा. सायकल शर्यतीत शेवटचा स्प्रिंट निर्णायक असेल तर गोष्ट वेगळी. दोन तासांच्या जवळपास सायकल चालवल्यावरच्या 30 सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये फायदा दिसल्याचा अभ्यास आहे.

गरोदर व स्तनदा माता, अठराखालील मुलं आणि नियमित औषधं चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. शर्यत पंधरा दिवसांवर आली असेल तर आम्ही ही पिशवी विकत नाही, आणि फोडलेली पिशवी मुंग्यांच्या कारणावरून परत घेत नाही. खरेदीला येताना खेळाचा प्रकार आणि स्पर्धेची तारीख सांगा. किती ग्रॅम लागतील आणि कधी सुरू करायचं ते आम्ही पिशवीवरच लिहून देतो.