उत्तर-गोग्रहणाची पाच गाणी: पार्श्वभूमी

नवरात्रातल्या एका संध्याकाळी कोल्हापुरातली आठ ते बारा वर्षांची मुलं पाच छोटी गाणी म्हणणार आहेत. विषय आहे विराटपर्वातलं उत्तर-गोग्रहण. पांडवांचं अज्ञातवासाचं वर्ष संपत आलेलं. राजा विराट त्रिगर्तांशी लढायला गेलेला. तेवढ्यात कौरव दुसऱ्या बाजूने येऊन साठ हजार गाई वळवून नेतात आणि राजवाड्यात उरतो एकटा राजपुत्र उत्तर. तो अंतःपुरात बायकांसमोर मोठ्या गप्पा मारतो, नाचगाणं शिकवणाऱ्या बृहन्नडेला सारथी करून निघतो आणि सैन्य दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटतो. बृहन्नडा म्हणजे अर्जुन, हे त्याला तोवर ठाऊक नसतं.

हाच प्रसंग का घेतला आणि त्याची गाणी आज दिसतात तशी का झाली, हे समजायला मराठीत हे आख्यान आजवर कसकसं कापलं आणि शिवलं गेलं ते बघावं लागतं.

विराटपर्व मराठीत आलं ते आधी ओवीत. एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांच्या महाभारताची जी पर्वं आज मिळतात, त्यांत विराटपर्व आहे. पुढे श्रीधरांनी १७१२ च्या सुमारास 'पांडवप्रताप' लिहिला आणि तो घरोघर, देवळोदेवळी वाचला गेला. ओवीत अक्षरांचं बंधन सैल असतं. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. त्यामुळे कवी हवं तिथे रेंगाळू शकतो आणि ऐकणाऱ्यालाही घाई नसते. पण ओवी एकानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. वीस मुलांनी एका श्वासात उचलावी अशी तिची घडण नाही.

मग मोरोपंत. १७२९ मध्ये आपल्या पन्हाळ्यावर जन्मलेल्या या कवीनं पुढे बारामतीला बसून अख्खं भारत आर्यांमध्ये आणलं. त्यांची आर्या बहुतेक गीती जातीची, म्हणजे प्रत्येक अर्धात १२ आणि १८ मिळून ३० मात्रा. एवढ्याशा जागेत प्रसंग, संवाद आणि कोटी बसवायची म्हणजे शब्द घट्ट विणावे लागतात. मोरोपंतांकडून आम्ही घेतलं ते हेच, की एका कडव्यात एकच गोष्ट घडू द्यायची. त्यांची भाषा मात्र घेता आली नाही. संस्कृत समास दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात अडकतात आणि अर्थ लागला नाही की सूरही घसरतो.

खरा साचा मिळाला तो कीर्तनातून. उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, तेव्हा सगळंच गात नाहीत. कथा बोलून पुढे नेतात आणि मोक्याच्या जागी साकी, दिंडी, कटाव किंवा पद टाकतात. गाणं येतं ते पात्राच्या मनात काही उसळलं की. प्रवास, निरोप, सैन्याची मांडणी हे सारं बोलण्यात जातं. सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं, तेव्हा सूत्रधार गात होता आणि पात्रं त्यावर हावभाव आणि भाषण करत होती. १८८० मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि पात्रं स्वतःची पदं स्वतः गाऊ लागली. हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो. उत्तर कसा बढाई मारत होता हे दुसऱ्यानं सांगणं वेगळं आणि त्यानंच छाती काढून गाणं वेगळं. (याच विराटपर्वातून खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' उभं केलं आणि ब्रिटिश सरकारनं त्यावर बंदी घातली. मुलांच्या संध्याकाळी कीचक नको, हे मात्र आमचं पहिल्या बैठकीतच ठरलं.)

आणि १९५५. पुणे आकाशवाणीवरून रामनवमीला सुरू झालेलं गीतरामायण वर्षभर चाललं आणि ५६ गाण्यांत पुरं झालं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि फडके जन्मानं कोल्हापूरचे. प्रत्येक गाणं कोणा एका पात्राच्या तोंडी, एका प्रसंगात रोवलेलं. मधले दुवे श्रोत्यांनी आपले आपण जोडायचे, कारण रामकथा सगळ्यांना पाठ. आमची अडचण इथेच आहे. उत्तर-गोग्रहण आजच्या मुलांना पाठ नाही. म्हणून गाण्याची पद्धत गीतरामायणाकडून घेतली आणि मधलं निवेदन कीर्तनाकडून. पाच गाणी प्रत्येकी तीन मिनिटांची, मध्ये दोन-दोन मिनिटं बोलणं. मुलं तेवढा वेळ एका जागी बसतात.

पहिलं आणि पाचवं गाणं हादग्याच्या वळणाचं आहे. त्यामागे मूळ कथेतला एक तपशील आहे, जो फार थोड्यांच्या लक्षात असतो. बृहन्नडा निघताना उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी तिला सांगतात, कौरवांना जिंकलंस की आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची रंगीत वस्त्रं आण. पुढे अर्जुन संमोहनास्त्रानं कौरवांना निश्चेष्ट करतो आणि उत्तराला नेमकं सांगतो: द्रोण आणि कृपाचार्यांची पांढरी, कर्णाचं पिवळं, अश्वत्थामा आणि दुर्योधनाची निळी वस्त्रं घे. भीष्मांच्या वाटेला जाऊ नकोस, त्यांना या अस्त्राचा उतारा ठाऊक आहे, ते शुद्धीवर असतील. युद्धातून घरी काय आणलं, तर बाहुल्यांचे कपडे! मुलांसाठी प्रसंग निवडायला आणखी काय हवं? हादग्यात प्रश्न आणि उत्तराची साखळी असते, ती इथे सहज बसते. एक ओळ विचारते पिवळं कोणाचं, दुसरी सांगते कर्णाचं. भीष्मांचं नाव आलं की फेर थांबतो आणि कोणी काहीच घेत नाही.

दुसरं गाणं उत्तराच्या बढाईचं, साकीत. साकीची ओळ २८ मात्रांची, १६ वर थांबा, मग १२. आमच्या पहिल्या दोन ओळी अशा:

कौरव कसले? मीच एकटा परतुन आणिन गाई
सारथि नाही, एवढेच हो, अडले माझे बाई!

साकी जुन्या नाटकांत सावकाश म्हणत. तशी म्हटली, मात्रेला अर्धा सेकंद धरला, तर पहिल्या थांब्यापर्यंत आठ सेकंद होतात. मोठ्या गायकाला ते काही नाही, पण मुलाचा श्वास तोवर संपतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: ओळीचं शेवटचं अक्षर गिळलं जातं आणि 'गाई'चं नुसतं 'गा' ऐकू येतं. लय दुप्पट केली की चार सेकंदांत थांबा येतो आणि बढाईलाही ती चपळाई शोभते. चाल एका सप्तकाच्या आत ठेवली आहे. तारसप्तकात चढवली की या वयाची मुलं गाणं सोडून ओरडायला लागतात. नाट्यपदांच्या चाली म्हणूनच घेतल्या नाहीत.

तिसरं गाणं पळापळीचं आहे आणि ते कटावात आहे. कटाव म्हणजे आठ-आठ मात्रांचे तुकडे, मध्ये दम न घेता एकामागून एक. अमृतरायांनी हा प्रकार गाजवला आणि कीर्तनकारांनी तो धावपळीच्या वर्णनाला हमखास वापरला. महाभारतात अर्जुन लांब वेणी आणि तांबडी वस्त्रं उडवत उत्तरामागे धावतो, ते बघून कौरवांचे सैनिक हसतात. शंभर पावलांत तो त्याचे केस पकडतो. तेव्हा उत्तर लाच देऊ करतो: शंभर सोन्याची नाणी, आठ मणी, एक रथ, दहा हत्ती.

सोड मला रे, सोड मला रे
शंभर नाणी, आठ मणी घे
रथ घे माझा, देतो हत्ती...

इथे श्वासाचा प्रश्न आम्ही वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. मुलांचे दोन गट केले. एक गट आठ मात्रा म्हणतो, पुढच्या आठ दुसरा उचलतो. ऐकणाऱ्याला कटाव अखंड वाटतो आणि म्हणणाऱ्याला दम घ्यायला जागा मिळते. गटांची अदलाबदल अर्ध्या मात्रेनं जरी चुकली तरी लगेच कळतं, कारण टाळ पुढे निघून जातो.

चौथ्या गाण्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. शमीच्या झाडावरची शस्त्रं उतरवायची आणि मग उत्तर म्हणतो, अर्जुन असशील तर तुझी दहा नावं सांग. तो श्लोक मूळातच चांगला चालतो: अर्जुन, फाल्गुन, जिष्णु, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सु, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. विजा कडाडल्या की कित्येक घरांत आजी ही नावं म्हणायला लावायची, त्यामुळे काही मुलांच्या कानावर ती आधीच होती. अडचण 'कृष्ण' या नावाची आली. मुलांना वाटलं, श्रीकृष्ण मध्येच कुठून आला? ते नाव गाळा असं काहींचं म्हणणं होतं. मी विरोध केला, कारण दहा म्हणून नऊ सांगितली तर उत्तराची परीक्षाच खोटी ठरते. शेवटी सावळ्या रंगामुळे वडिलांनी लाडानं ठेवलेलं नाव, एवढं निवेदनात आधीच सांगून टाकलं. सव्यसाचीचं कडवं मुलांना सर्वांत आवडलं: दोन्ही हातांनी धनुष्य ओढणारा, आणि म्हणताना दोन्ही हात करून दाखवता येतात.

दसऱ्याला शमी का, हे कोल्हापूरच्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. दसरा चौकातलं शमीपूजन आणि त्यानंतरची सोनं लुटायची धांदल ती दर वर्षी बघतात. अर्जुनानं शस्त्रं विजयादशमीला उतरवली अशी सांगड परंपरेनं नंतर घातली, मूळ कथेत दसऱ्याचं नाव नाही. म्हणून ती गोष्ट गाण्यात न घालता निवेदनात 'असं मानतात' म्हणून ठेवली आहे.

जे गाळलं तेही सांगायला हवं. शस्त्रांकडे कोणी फिरकू नये म्हणून पांडवांनी त्या झाडाला प्रेत बांधलं होतं, ते घेतलं नाही. विराटानं फासा फेकून युधिष्ठिराच्या नाकातून रक्त काढलं, तेही नाही. आणि मूळ कथेतली लढाई बिनरक्ताची नव्हती. अर्जुनाच्या हातून माणसं मरतात, कर्णाचा भाऊही मरतो. आम्ही चौथ्या गाण्यावरून थेट संमोहनास्त्रावर येतो, पण मधल्या निवेदनात 'मोठी लढाई झाली आणि त्यात माणसं पडली' हे एक वाक्य ठेवलं आहे. बाहुल्यांचे कपडे फुकट मिळाले असं मुलांना वाटू द्यायचं नव्हतं.

एक बारीक गोष्ट राहिली. उत्तराला हाक मारली की 'उत्तरा' होते आणि बहिणीचं नावही उत्तरा, त्यामुळे रंगमंचावर कोण कोणाला बोलावतंय ते कळत नाही. महाभारतात उत्तराचं दुसरं नाव भूमिंजय आहे. गाण्यात जिथे जिथे हाक आहे तिथे आता तेच आहे, आणि उत्तराचं काम करणारा मुलगा त्या नावावर भलताच खूश आहे.