गंजलेली कॉटर पिन: घाव घालण्याआधी आधार

जुन्या सायकलचा क्रँक एक्सलवर धरून ठेवणारी कॉटर पिन ही मुळात एक पाचर आहे. पिनच्या एका बाजूला तिरका सपाट भाग असतो. तो एक्सलवरच्या खाचेत दाबून बसतो आणि घर्षणामुळे तिथेच अडकून राहतो. वरचा नट पिनला फक्त मागे सरकू देत नाही. पाणी शिरलं की लोखंडाचा गंज होतो. मूळ लोखंडापेक्षा गंजाला जास्त जागा लागते, त्यामुळे आधीच घट्ट बसलेली पाचर आणखी आवळली जाते.

अशी पिन दिसली की हात हातोडीकडे जातो, आणि नुकसान होतं ते इथेच. आधार नसेल तर घाव बसताच क्रँक खाली दबतो आणि एक्सल बेअरिंगवर आदळतो. त्या दणक्याने छर्‍यांच्या वाटेत खड्डे पडतात. पिन मात्र जागची हलत नाही. तिचं आट्यांचं टोक चेपून फुगतं, आणि मग ती भोकातून निघणं आणखी कठीण होतं.

म्हणून आधी आधार द्यायचा. क्रँक आडवा ठेवला की पिन उभी येते. नटाचं टोक वर हवं. खाली पिनच्या डोक्याभोवती जाड लोखंडी पाइपचा तुकडा उभा करायचा. पाइपचं तोंड डोक्यापेक्षा जरा मोठं हवं, म्हणजे पिनला खाली उतरायला जागा राहते. पाइप जमिनीपासून क्रँकपर्यंत नेमका पोचला पाहिजे, किंबहुना सायकलचा भार त्यावरच यावा. मग घावाचा जोर बेअरिंगकडे न जाता सरळ पाइपमधून जमिनीत उतरतो.

आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सोडवणारं पातळ तेल सोडून ठेवा. ते बारीक फटींतून स्वतःच आत ओढलं जातं, पण त्याला वेळ लागतो.

आता नट सैल करून पिनच्या टोकाला समतल आणा, म्हणजे आटे वाचतात. साधारण एक किलोची हातोडी घ्या आणि एकच सरळ, ठाम घाव घाला. हलक्या हातोडीच्या टकटकीत बरीचशी ताकद टोक चेपण्यातच जाते. पिन एखाद-दोन मिलिमीटर सरकली की काम झालं, कारण पाचर मागे सरकताच तिची पकड सुटते. मग नट काढून पंचने बाकीची ठोकायची.

दोन-तीन घावांत काहीच हललं नाही, किंवा आटे वाकू लागले, तर थांबा. आणखी जोर लावला तर क्रँकचं भोक लांबट होण्याची भीती असते. वाकलेलं टोक करवतीने क्रँकच्या पृष्ठालगत कापा आणि मधोमध पंचची खूण करा. आधी ३ आणि मग ६ मिलिमीटरच्या ड्रिलने पिन पोखरा. ड्रिल तिरकं जाऊन भोकाच्या भिंतीला लागू नये, एवढं जपायचं. आतून पोकळ झालेल्या पिनचा दाब कमी होतो आणि ती पंचने निघते.

नवी पिन घेण्याआधी जुनीचा व्यास मोजा. ९ आणि ९.५ मिलिमीटर अशी दोन्ही मापं आढळतात, आणि बारीक पिन मोठ्या भोकात नीट आवळली जात नाही.