पायडल तेवढंच, ठोके मात्र वाढतात

मार्चमधला रविवार, दुपारचे साडेतीन, गॅलरीच्या काचा बंद. व्यायामाच्या सायकलवर बसून मी तासभर पायडल मारलं. ताण १०० वॅटवर लावून ठेवला होता. ही सायकल पाय हळू झाले की पायडल जड करते आणि भरभर झाले की हलकं करते, म्हणजे काम तासभर तेवढंच राहतं. छातीला ठोके मोजणारा पट्टा होता. दहाव्या मिनिटाला ठोके १२०. विसाव्याला १२४. पन्नासाव्याला १३३. पाय दुखत नव्हते, धाप लागली नव्हती, आणि बाजूच्या खुर्चीवरून चाललेल्या वीजबिलाच्या चर्चेत मी पूर्ण वाक्यांत उत्तरं देत होतो. काम तसूभरही वाढलं नाही, मग हे वरचे तेरा ठोके कशासाठी?

याचं उत्तर शोधायचं तर आधीचे १२० ठोके कुठून आले ते पाहायला हवं.

पायडलवर पहिला दाब पडतो त्याच क्षणी हृदय आणि श्वास दोन्ही उसळतात. स्नायूंतून अजून रक्त परतलेलं नसतं, त्यात ऑक्सिजन कमी झालाय की काय हे कुणाला कळायलाही वेळ मिळालेला नसतो. डेन्मार्कच्या क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९१३ साली ही उसळी नोंदवली आणि तर्क मांडला, की मेंदू पायांना हुकूम देतो तेव्हाच त्याची एक प्रत श्वासाच्या आणि हृदयाच्या केंद्राकडेही जाते. आज त्यात हलणाऱ्या पायांतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांचीही भर पडली आहे. हृदयापुरतं बोलायचं तर सुरुवातीला कुणी टाच मारत नाही, लगाम सैल सुटतो. व्हेगस नावाची नस एरवी हृदयाला सतत आवरून धरत असते. तिची पकड ढिली झाली की पुढच्या एक-दोन ठोक्यांतच वेग वाढतो. ॲड्रेनलिनच्या घराण्यातली रसायनं त्यानंतर कामाला लागतात.

मग दोन-तीन मिनिटांत सगळं एका पातळीवर येऊन स्थिरावतं. त्या पातळीचा हिशोब १८७० साली आडोल्फ फिक यांनी मांडलेल्या साध्या गुणाकारातून निघतो: शरीराने वापरलेला ऑक्सिजन म्हणजे हृदयाने मिनिटाला ढकललेलं रक्त गुणिले दर लिटर रक्तातून काढून घेतलेला ऑक्सिजन. सत्तर किलोचा माणूस नुसता बसलेला असताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. दर लिटरमध्ये सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, त्यातला ५० शरीर उचलतं आणि उरलेला तसाच परत येतो. पाच गुणिले पन्नास, २५० मिलिलिटर.

१०० वॅटवर हीच गरज दीड लिटरच्या आसपास जाते, म्हणजे सहापट. ती नुसतं रक्त वाढवून भागवायची तर मिनिटाला तीस लिटर रक्त फिरवावं लागलं असतं. तेवढं अव्वल दर्जाच्या धावपटूचं हृदय जेमतेम, जीव तोडून करतं. शरीर ओझं वाटून घेतं. स्नायू दर लिटरमधून ५० ऐवजी १२० मिलिलिटर काढून घेतात, आणि हृदयाला साडेबारा लिटरवर भागतं. १२० ठोके, दर ठोक्याला साधारण १०४ मिलिलिटर. (हा १०४ माझ्या पट्ट्याने सांगितलेला नाही, पट्ट्याला फक्त ठोके कळतात. तो हिशोबाने काढलेला आहे.) आतड्यांकडे आणि मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त दरम्यान आखडतं आणि पायांकडे वळतं. भरल्या पोटी व्यायाम केला की पोटात गोळा येतो, त्याचं एक कारण हे.

श्वासाचा भाग मला जास्त चकित करतो. बसल्या जागी मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत-बाहेर होते, १०० वॅटवर सदतीस-अडतीस लिटर. पण त्या वेळी धमनीतलं रक्त तपासलं तर त्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास बसल्यासारखाच निघतो. कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून श्वास वाढला, असं आपण शाळेत शिकलो. पण इथे तो साठतच नाही. जितका तयार होतो तितकाच, त्याच वेगाने बाहेर जातो. चूक झाल्यावर ती दुरुस्त करावी असा हा प्रकार नव्हे, चूक होऊच द्यायची नाही असा आहे. शरीर हा ताळमेळ इतका नेमका कसा साधतं, यावर शरीरशास्त्रज्ञ शंभर वर्षांहून जास्त काळ वाद घालत आले आहेत.

तर दहाव्या मिनिटाला सगळं जुळलेलं असतं. ऑक्सिजनची मागणी पुढे तासभर फारशी हलत नाही. मग बिघडवतं कोण? उष्णता.

दीड लिटर ऑक्सिजन वापरला की मिनिटाला सुमारे ३० किलोज्यूल ऊर्जा सुटते, म्हणजे ५०० वॅट. पायडलवर पोचतात त्यातले १००. उरलेले ४०० वॅट अंगातच उष्णता होऊन राहतात. पोटात इस्त्री अर्ध्यावर लावून ठेवावी तसं. ही उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर सत्तर किलोचं शरीर तासाभरात जवळपास सहा अंश सेल्सिअसने तापेल, म्हणजे माणूस उरणार नाही. ती बाहेर न्यायची तर रक्त कातडीपर्यंत आणायला हवं आणि घाम सुकायला हवा. एक लिटर घाम सुकताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जातो. तासभराच्या उष्णतेसाठी साधारण सहाशे मिलिलिटर घाम पुरे. अट एकच, तो अंगावर सुकला पाहिजे. माझ्या गॅलरीत हवा हलत नव्हती, त्यामुळे बराचसा हनुवटीवरून थेंब-थेंब फरशीवर गेला. फरशीवर पडलेला घाम पाणी घेऊन जातो, उष्णता मात्र अंगातच ठेवतो.

आता हृदयाला दोन धनी झाले, स्नायू आणि कातडी. याला इंग्रजीतून आलेलं नाव कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट. आपण ठोक्यांची सरकण म्हणू. सरकण का होते, याचं जुनं उत्तर असं: कातडीतल्या शिरा फुगतात, रक्त तिथे रेंगाळतं, शिवाय घामाने रक्तातलं पाणी घटतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडलं की दर ठोक्याला बाहेर जाणारं रक्तही कमी होतं, आणि ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढतं. माझ्या आकड्यांवर हे बसवून पाहा. साडेबारा लिटर कायम धरले आणि ठोके १३३ केले, तर दर ठोक्याला ९४ मिलिलिटर येतात. दहा मिलिलिटर कमी.

गुणाकार जुळतो, पण गुणाकारातून आधी काय घडलं आणि मागून काय, हे कळत नाही. १९९९ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांनी सायकल मारणाऱ्यांना ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या औषधाची, बीटा ब्लॉकरची, छोटी मात्रा दिली. ठोके वर सरकू शकले नाहीत. जुनं उत्तर पुरतं बरोबर असतं तर दर ठोक्याचं रक्त तरीही घटायला हवं होतं. ते घटलं नाही. म्हणजे निदान त्या परिस्थितीत गाडी उलटी होती: ठोके आधी वाढले आणि म्हणून दर ठोक्याचं रक्त कमी झालं. १२० ठोक्यांना एका ठोक्याच्या वाट्याला अर्धा सेकंद येतो, १३३ ला ०.४५ सेकंद. आकुंचनाला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती ठोक्यांमधल्या भरण्याच्या वेळेला. आणि ठोके आधी का वाढले? अंग तापलं म्हणून. हृदयातली ठोके सुरू करणारी गाठ तापमानाला थेट दाद देते. तापात अंग एक अंश सेल्सिअसने चढलं की नाडी आठ-दहा ठोक्यांनी वाढते, हे आपल्या घरोघरी माहीत आहे.

मला स्वतःला दुसरं उत्तर जास्त पटतं, पण पहिलं मोडीत काढण्यासारखं नाही. घाम भरपूर जाऊन पाणी पोटात गेलं नाही, तर रक्ताचं आकारमान खरोखर घटतं आणि मग जुनी साखळीही चालू होते. वजनाच्या एक टक्का पाणी गेलं की ठोके ढोबळमानाने तीन ते पाच वाढतात. त्या रविवारी आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन केलं होतं: सातशे ग्रॅम कमी. म्हणजे बरोबर एक टक्का.

पुढच्या रविवारी तीच वेळ, तेच १०० वॅट, पण टेबलफॅन समोर आणि दर पंधरा मिनिटांनी दीडशे मिलिलिटर पाणी. दहाव्या मिनिटाला ११९, पन्नासाव्याला १२६. सरकण तेरावरून सातवर आली. फॅनचं श्रेय किती आणि पाण्याचं किती, हे मला सांगता येणार नाही, कारण शहाण्यासारख्या दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या. पण एक लक्षात आलं. फॅनच्या दिवशी श्वासही शेवटपर्यंत तसाच राहिला, आदल्या वेळी मात्र तो शेवटी थोडा उथळ आणि भराभर झाला होता. तापलेलं अंग श्वासालाही सरकवतं: श्वासांची संख्या वाढते, एका श्वासातली हवा किंचित कमी होते.

घड्याळावर ठोके चढताना दिसले की ही सरकण आहे की ताणच जास्त झालाय, हे ओळखायला बोलून पाहावं. वाक्य पुरं होत असेल, श्वास जवळपास तसाच असेल आणि ठोके दहा-दहा मिनिटांत तीन-चार असे हळूहळू चढत असतील, तर सरकण. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वॅट जास्त आहेत. ठोके एका क्षणात १३० वरून १८० वर गेले तर ही दोन्ही नव्हेत. पट्टा कोरडा पडला असेल तर तो ओला करून पाहावा, आणि आकडा तरीही तिथेच राहिला, छातीत धडधड किंवा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही असेल, तर थांबून डॉक्टर गाठावा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना ठोक्यांवरून यातलं काहीच नीट कळत नाही, त्यांनी बोलण्याच्या खुणेवरच चालावं.

मात्र सरकण आहे म्हणजे आकडा खोटा, असंही नाही. उन्हाळ्यात पाऊण तास सायकल मारल्यावर तपासलं तर माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमताच खाली आलेली दिसते. कमाल खाली आली की तेच १०० वॅट तिच्या तुलनेत मोठे होतात. म्हणून ठोके १२५ च्या आत ठेवा असं तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर पन्नासाव्या मिनिटाला १०० वॅट धरून बसू नका, ८५ वर या. किंवा खिडकी उघडा. मी सध्या दोन्ही करतो.